एका ओमेगाविषयी ग्रंथपालांना पत्र

ब्रिटिश लायब्ररीच्या हस्तलिखित विभागाचे ग्रंथपाल यांस,



पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राचे मी मूळ ग्रीकवरून मराठीत भाषांतर करते आहे. पाचव्या अध्यायाच्या पहिल्याच वाक्यातल्या एका क्रियापदाशी काम अडले आहे. ही अडचण कोश उघडून किंवा व्याकरण चाळून सुटण्यासारखी नाही. तिचे उत्तर सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वीच्या एका लेखनिकाच्या हाताच्या सवयीत दडलेले आहे, आणि त्या हाताने लिहिलेली पाने आपल्या ताब्यात आहेत. आपल्याला इंग्रजीतून पाठवलेल्या पत्रात मी मोजकेच प्रश्न विचारले आहेत. ते प्रश्न मुळात का पडावेत, हे मराठी वाचकांसमोरही यावे म्हणून हे अनावृत पत्र विस्ताराने लिहीत आहे.

आधी अडचण सांगते. पौल चार अध्याय खर्ची घालून असे मांडतो की माणूस देवापुढे निर्दोष ठरतो तो विश्वासाने. पाचव्या अध्यायाच्या आरंभी तो त्या विवेचनाचा निष्कर्ष काढतो. तिथले क्रियापद ‘एखोमेन’ असे वाचले, तर अर्थ होतो की देवाशी आपला समेट झालेला आहे, शांती आपल्याला लाभलेली आहे. ‘एखोमेन’मधला मधला ‘ओ’ दीर्घ धरला, तर तेच क्रियापद आवाहनाचे होते: आपण देवाशी शांती राखू या. पहिल्या वाचनात वस्तुस्थिती सांगितली आहे, दुसऱ्यात कर्तव्य. ग्रीक लिपीत या दोन ‘ओ’ना दोन अक्षरे आहेत. ऱ्हस्व तो ओमिक्रॉन, दीर्घ तो ओमेगा. सगळा फरक त्या एका अक्षराचा आहे. मराठीत मात्र ‘आहे’ आणि ‘राखू या’ यांच्या मधला शब्द नाही. भाषांतरकाराला एका बाजूला उभे राहावेच लागते.

आपल्याकडच्या कोडेक्स सिनायटिकसमध्ये या जागी पहिल्या हाताने ओमेगा लिहिला आहे. नंतर कोणीतरी तो दुरुस्त करून ओमिक्रॉन केला आहे. व्हॅटिकनच्या ग्रंथालयातले त्याच चौथ्या शतकातले दुसरे मोठे हस्तलिखित, कोडेक्स व्हॅटिकानस, त्यातही नेमके हेच घडले आहे: मूळ हात ओमेगाचा, दुरुस्ती ओमिक्रॉनची. जुन्या हस्तलिखितांना मान द्यायचा या तत्त्वावर १८८१ साली वेस्टकॉट आणि हॉर्ट यांनी आपल्या ग्रीक आवृत्तीत ओमेगा छापला. त्याच वर्षी निघालेल्या इंग्रजी बायबलच्या सुधारित आवृत्तीने १६११ पासून चालत आलेले ‘आहे’ काढून तिथे आवाहन घातले. पुढे वारा फिरला. १९४६ च्या अमेरिकन सुधारित आवृत्तीत ‘आहे’ परत आले आणि आवाहन तळटीपेत गेले. आज जगभरचे भाषांतरकार वापरतात त्या ग्रीक आवृत्त्यांतही मुख्य संहितेत ओमिक्रॉनच आहे. या सगळ्या काळात त्या पानावरचे अक्षर तेच होते. त्या अक्षराची साक्ष किती मोलाची, याविषयीचे मत तेवढे बदलत गेले. माझे म्हणणे असे की ते मोल हस्तलिखिताच्या वयावरून ठरत नाही. ज्या हाताने ते अक्षर काढले त्या हाताला ऱ्हस्व-दीर्घाची चाड होती की नव्हती, यावरून ते ठरते.

मराठी वाचकाला हे समजावून सांगताना मला मोडीचा दाखला जवळचा वाटतो. मोडीत इकार एकच आणि उकारही एकच. पेशवे दफ्तरातल्या एखाद्या कागदात कारकुनाने ‘दिन’ लिहिले की ‘दीन’, असा वाद कोणी घालू लागला तर मोडीचा जाणकार त्याला थांबवील. लिपीतच जो भेद नाही, तो लिहिणाऱ्याच्या मनात होता की नव्हता हे त्या वेलांटीवरून कळायचे नाही. तिथे संदर्भच बघावा लागतो. सिनायटिकसच्या लेखनिकापाशी दोन अक्षरे होती, त्यामुळे त्याची स्थिती मोडीच्या कारकुनाइतकी सरळ नाही. पण त्याच्या कानाला मात्र एकच ‘ओ’ ऐकू येत होता.

चौथ्या शतकापर्यंत बोलीतल्या ग्रीक स्वरांची लांबी नाहीशी झाली होती. ओमिक्रॉन आणि ओमेगा सारखेच उच्चारले जात. ‘ए-इ’ हा जोडस्वर नुसत्या ‘इ’सारखा, ‘आ-इ’ हा नुसत्या ‘ए’सारखा झाला होता. शाळेत शिकलेला माणूस जुने लेखन पाठांतराने सांभाळी, पण हात भराभर चालू लागला की कान जिंकत असे. त्यामुळे आज्ञार्थी अनेकवचनाचा शेवट ‘स्थे’ असायला हवा तिथे ‘स्थाइ’ लिहिला जाई, आणि उलटही होई. अशा चुका सिनायटिकसमध्ये उदंड आहेत. त्यांनी सहसा कुणाचे नुकसान होत नाही, कारण चुकीच्या अक्षराने वाक्यच मोडते आणि वाचणारा मनातल्या मनात ते सरळ करून घेतो. ओमिक्रॉन-ओमेगाची अदलाबदल त्यामानाने कमी आढळते, पण धोका तिच्यातच जास्त आहे. ‘एखोमेन’सारख्या क्रियापदात अक्षर चुकले तरी वाक्य मोडत नाही. ते धडधाकट उभे राहते आणि वेगळेच काही सांगू लागते.

हे हस्तलिखित एकाच्या हातचे नाही, म्हणून ‘सिनायटिकसची सवय’ असे काही नसते. या हस्तलिखिताचे आधीचे संपादक टिशेनडोर्फ यांनी लेखनिकांना अक्षरांची नावे दिली होती: ए, बी, सी, डी. १९३८ साली ब्रिटिश म्युझियमच्या मिल्न आणि स्कीट यांनी सगळे हात पुन्हा तपासले. सी हा वेगळा माणूस नाही असे दाखवून त्यांनी ए, बी आणि डी ठेवले. हे वेगळे करताना त्यांनी अक्षरांच्या वळणाबरोबर शुद्धलेखनाचाही आधार घेतला. डी बहुतेक शुद्ध लिहितो, ‘ए-इ’ आणि ‘इ’ यांची सरमिसळ सोडली तर त्याच्यात खोड काढायला फारशी जागा नाही. बीचे लेखन सर्वात गचाळ. ए या दोघांच्या मधला. नव्या कराराचा बहुतेक सगळा भाग एने लिहिला असून काही जोडपाने डीने नव्याने लिहून बसवली आहेत. रोमकरांच्या पत्रातला पाचवा अध्याय एच्या वाट्याचा आहे. म्हणून माझा प्रश्न फक्त एविषयी आहे.

ए कसा माणूस होता याची थोडी कल्पना त्याच्याच चुकांवरून येते. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात येशू आपल्या गावी येतो, तिथे ‘पात्रिदा’ म्हणजे मायभूमी हा शब्द हवा. एने लिहिले ‘आंतिपात्रिदा’. अँटिपात्रिस हे कैसरियापासून जवळचे गाव. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात शोमरोन हवे तिथे त्याने कैसरिया लिहिले. या दोन घसरणींवरून रेंडेल हॅरिस यांनी असा तर्क केला की हे हस्तलिखित कैसरियाच्या परिसरात लिहिले गेले असावे. तर्क खरा असो वा नसो, चूक करणारा माणूस अर्धवट ऐकत किंवा बघत ओळखीच्या शब्दाकडे कसा ओढला जातो, हे त्यातून दिसते. पहिल्या मक्काबींच्या पाचव्या अध्यायातली त्याचीच आणखी एक चूक अधिक बोलकी आहे. तिथे यहूदाबरोबरच्या आठ हजार माणसांचा आकडा हवा. एने तिथे ‘एकतर सहा नाहीतर तीन हजार’ अशा अर्थाचे शब्द संहितेतच लिहून टाकले आहेत. यावरून स्कीट यांनी असे अनुमान काढले की समोर कोणीतरी वाचून सांगत होते, त्याला आकड्याचे चिन्ह लागेना म्हणून तो मोठ्याने चाचपडला, आणि एने ते चाचपडणेही उतरवून घेतले.

हे अनुमान आकर्षक आहे, पण माझ्या प्रश्नाचा भार मी त्यावर टाकणार नाही. समोरची पोथी पाहून लिहिणारा माणूसही ओळ डोळ्यांनी उचलतो, मनात उच्चारतो आणि मग लिहितो. डोळा आणि हात यांच्यामध्ये आतला आवाज असतोच. त्यामुळे कानाची चूक दिसली म्हणून सांगणारा माणूस होताच असे सिद्ध होत नाही, आणि तसा कोणी नव्हता म्हणून कानाची चूक होणार नाही असेही नाही. मला हवी आहे ती सवयीची मोजणी. ती कशी करावी याविषयी माझे स्पष्ट मत आहे, कारण आजवर या जागेविषयी लिहिणाऱ्या अनेकांनी ‘लेखनिक ऱ्हस्व-दीर्घात गोंधळ करीत’ एवढ्या ढोबळ वाक्यावर भागवले आहे. डर्क योंगकिंड यांनी २००७ साली सिनायटिकसच्या लेखनिकांच्या सवयींवर स्वतंत्र ग्रंथ लिहून हात-हातांतले फरक बारकाईने मांडले. त्या वाटेने पुढे जाऊन एकाच प्रकारच्या शब्दापुरते उत्तर मिळावे, एवढीच माझी मागणी आहे.

पहिली गोष्ट अशी की नुसत्या चुका मोजून उपयोग नाही, चुकीच्या संधीही मोजाव्या लागतात. एने पन्नास ठिकाणी ओमिक्रॉनच्या जागी ओमेगा लिहिला असे कोणी सांगितले, तर तो आकडा मोठा की लहान हे मला ठरवता येत नाही. अशा पाचशे जागा होत्या की पन्नास हजार, हे कळल्यावरच त्या आकड्याला अर्थ येतो. दुसरी गोष्ट, सगळे ‘ओ’ एका पारड्यात टाकू नयेत. ‘थेओस’, म्हणजे देव, हा शब्द लेखनिकाच्या हाताला इतका सवयीचा की तो बहुतेक ठिकाणी ठरावीक संक्षेपानेच लिहिला जातो. तिथे चूक होत नाही म्हणून क्रियापदाच्या शेवटाला ती होत नाही असे म्हणता येणार नाही. मला हवी आहे फक्त ‘ओमेन’ आणि त्याच धर्तीच्या ‘ओमेथा’ या शेवटांची मोजणी, म्हणजे ‘आम्ही-आपण’च्या क्रियापदांची. तिसरी गोष्ट, दोन दिशा वेगळ्या मोजाव्यात. ऱ्हस्वाचा दीर्घ करणे आणि दीर्घाचा ऱ्हस्व करणे या दोन वेगळ्या सवयी असू शकतात, आणि माझ्या जागेसाठी मला पहिलीच हवी आहे.

चौथी गोष्ट सर्वात महत्त्वाची. ज्या जागी अर्थावरून खात्री नाही, ती जागा मोजणीत धरू नये. नाहीतर जे सिद्ध करायचे तेच आपण गृहीत धरू. उदाहरण देते. याच रोमकरांच्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात, एकोणिसाव्या ओवीत, शांतीला पोषक गोष्टींमागे लागण्याविषयी पौल बोलतो. सिनायटिकस, व्हॅटिकानस आणि अलेक्झांड्रिनस या तिन्हींमध्ये तिथे ओमिक्रॉन आहे, म्हणजे ‘आपण मागे लागतो’. आधी-नंतर सगळा उपदेश चाललेला असताना मध्येच हे निवेदन विचित्र वाटते, आणि म्हणून बऱ्याच संपादकांनी ओमेगा, म्हणजे ‘मागे लागू या’, स्वीकारला आहे. तसे असेल तर एने इथे दीर्घाचा ऱ्हस्व केला. पण ‘असेल तर’ म्हणावे लागते, तेव्हा ही जागा साक्षीदार म्हणून चालणार नाही. ती स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात आहे.

गलतीकरांच्या पत्राचा सहावा अध्याय मात्र जास्त उपयोगी आहे. दहाव्या ओवीत पौल म्हणतो की संधी आहे तोवर सर्वांचे भले करू या. ‘संधी आहे’ यासाठी तिथे तेच क्रियापद आले आहे, ‘एखोमेन’, आणि वाक्यरचना पाहता ते साधे निवेदनच असायला हवे. सिनायटिकसमध्ये तिथे ओमेगा आहे. व्हॅटिकानसच्या पहिल्या हातानेही ओमेगाच लिहिला आहे. शब्द तोच, तोच ए लेखनिक, ग्रंथकारही पौलच, आणि अक्षर जवळपास निश्चितपणे चुकलेले. ही एक जागा मला ढोबळ आकडेवारीपेक्षा अधिक सांगून जाते, कारण ती माझ्या जागेची सख्खी बहीण आहे. या हाताकडून, याच शब्दात, याच दिशेने घसरण होऊ शकते हे तिने दाखवून दिले. किती वेळा होते ते तिने सांगितले नाही. त्यासाठी मोजणी हवी.

या जागेत आणखी एक धागा आहे. गलतीकरांच्या त्या ओवीत पुढचेच क्रियापद ‘भले करू या’ असे आवाहनाचे आहे आणि त्यात ओमेगा योग्यच आहे. पुढच्या शब्दाच्या ओढीने आधीच्या शब्दात ओमेगा शिरला असणे शक्य आहे. रोमकरांच्या पाचव्या अध्यायातही ‘एखोमेन’नंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या ओवीत अभिमान बाळगण्याचे क्रियापद येते, ‘काउखोमेथा’. त्यातला ‘ओ’ नेहमीच ओमेगा असतो, कारण त्या क्रियापदाचे निवेदनाचे आणि आवाहनाचे रूप ग्रीकमध्ये एकसारखेच आहे. म्हणजे ते क्रियापद अर्थाच्या बाजूने काहीच कौल देत नाही, पण लेखनिकाच्या हाताला ओढ मात्र लावू शकते. म्हणून मोजणी करताना शेजारच्या दोन-तीन ओळींत ओमेगाचा तसाच शेवट आहे का, हीही नोंद व्हावी. शेजार नसतानाही चूक होत असेल तर ती कानाची. शेजारी तसाच शेवट असतानाच होत असेल तर ती ओढीची. या दोन कारणांनी रोमकरांच्या जागेचे वजन वेगवेगळे ठरेल.

यावर एक आक्षेप रास्त आहे, आणि तो मला हलक्याने घ्यायचा नाही. ओमेगा काही एकट्या एने लिहिलेला नाही. सिनायटिकस, व्हॅटिकानस, अलेक्झांड्रिनस, एफ्रेमी आणि क्लारोमोंटानस, एवढी मोठी जुनी हस्तलिखिते आवाहनाच्या बाजूला आहेत. इतके सगळे लेखनिक एकाच जागी कसे चुकतील? याला माझे उत्तर असे की हस्तलिखिते पाच असली तरी कान एकच होता. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सगळ्या ग्रीक बोलणाऱ्यांच्या तोंडून गेलेला होता. एखाद्या ओळीचा शब्दच गळाला किंवा ‘मायभूमी’च्या जागी गावाचे नाव आले, आणि तीच चूक दोन पोथ्यांत सापडली, तर त्या एकमेकींच्या नात्यातल्या आहेत असे म्हणता येते. स्वरांच्या गोंधळाचे तसे नाही. तो कोणालाही, कुठेही, स्वतंत्रपणे होतो, म्हणून अशा चुकीत एकमत झाले तरी ते नात्याची किंवा सत्याची खूण ठरत नाही. शिवाय संदर्भ उपदेशाला अनुकूल असला, आणि धर्मपोथीचा संदर्भ बहुधा असतोच, की घसरणीची दिशाही सर्वांची एक होऊ शकते.

पण आक्षेपाचा दुसरा भाग या उत्तराने निकालात निघत नाही. जुन्या लॅटिन भाषांतरातही ‘राखू या’ असाच अर्थ आहे. लॅटिनमध्ये ही दोन रूपे कानाला सारखी नाहीत, म्हणून लॅटिन भाषांतरकाराचा कान चुकला असे म्हणता येत नाही. त्याच्यासमोरच्या ग्रीक प्रतीत ओमेगा होता आणि त्याने तो अर्थ समजून-उमजून घेतला, हे मान्यच करावे लागते. म्हणजे ओमेगा चौथ्या शतकाच्या बराच आधीपासून प्रचारात होता. दुसऱ्या बाजूला तिसऱ्या शतकाच्या अखेरचा मानला जाणारा एक चर्मपत्राचा तुकडा आहे. हस्तलिखितांच्या यादीत त्याचा क्रमांक ०२२० आहे, आणि त्यात या जागी ओमिक्रॉन असावा असे संपादक वाचतात. दोन्ही रूपे जुनी आहेत. तेव्हा जुनेपणाच्या निकषावर हा वाद कधीच मिटणार नाही.

इथे लेखनसवयीच्या पुराव्याची मर्यादाही सांगायला हवी. मोजणीतून असे निघाले की ए या शेवटात वारंवार ऱ्हस्वाचा दीर्घ करतो, तर त्यावरून त्याच्यासमोरच्या प्रतीत ओमिक्रॉन होता असे सिद्ध होणार नाही. एवढेच सिद्ध होईल की या अक्षराबाबत त्याची साक्ष धरता येत नाही. सवयीचा पुरावा साक्षीदाराला बाजूला बसवू शकतो, त्याच्या तोंडून उलट साक्ष वदवून घेऊ शकत नाही. उलट तो या शेवटात क्वचितच चुकतो असे निघाले, तर त्याच्यासमोरच्या प्रतीत ओमेगाच होता हे मला मानावे लागेल आणि माझी तळटीप बरीच वेगळी होईल. आणि गाडी याच्याही मागे जाऊ शकते. रोमकरांचे हे पत्र पौलाने स्वतःच्या हाताने लिहिलेले नाही. ते उतरवून घेणारा तर्तियस सोळाव्या अध्यायात स्वतःच्या नावाने नमस्कार कळवतो. पौलाने तोंडाने जे ‘एखोमेन’ उच्चारले त्यात ऱ्हस्व-दीर्घ ऐकू येत नसेल, तर पहिलीच प्रत तर्तियसच्या कानाच्या हवाली होती. ब्रूस मेट्झगर यांनी ही शक्यता मांडली आहे, आणि तिच्यावर कुठल्याही पोथीची तपासणी हा उपाय नाही.

मग भाषांतरकाराने निर्णय कशावर घ्यायचा? पौलाच्या युक्तिवादावर. पाचव्या अध्यायाचा सारा ओघ झालेल्या गोष्टींचा आहे. कृपेत प्रवेश मिळालेला आहे, देवाचे प्रेम अंतःकरणात ओतलेले आहे, आणि अकराव्या ओवीत समेट आपल्याला मिळालेला आहे असे तो निःसंदिग्ध शब्दांत म्हणतो. जे मिळाले असे पुढे ठासून सांगायचे, ते राखण्याची विनंती आधी करणे त्या ओघाला सोडून होईल. म्हणून मी मराठीत ‘आहे’ लिहिणार आहे. तरीही आपल्याला त्रास देते आहे, कारण अर्थाच्या बाजूने घेतलेला निर्णय हस्तलिखितांच्या साक्षीविरुद्ध जातो की ती साक्ष मुळात तटस्थ आहे, हे वाचकाला प्रामाणिकपणे सांगणे माझे काम आहे. ‘काही जुन्या हस्तलिखितांत वेगळा पाठ आढळतो’ अशा तळटीपेने वाचकाला काहीच कळत नाही. त्याला फक्त शंका लागते. ‘जुन्या हस्तलिखितांतले हे अक्षर ज्या हातांनी लिहिले, ते हात नेमक्या याच शेवटात अमुक प्रमाणात चुकतात’ असे सांगता आले, तर शंकेच्या जागी त्याच्या हाती कारण येते. धर्मग्रंथ श्रद्धेने वाचणाऱ्या माणसाला हे कारण समजत नाही, किंवा त्याला ते सांगू नये, हे मला मान्य नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल सिद्ध केले ते साध्या बायकांना वाचता यावे म्हणून. मूळ भाषेपर्यंत जाण्याचे कष्ट त्यांनी त्या वाचकांसाठीच घेतले. तळटीपही त्याच वाचकांसाठी असते.

आता आपल्याकडे माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली मोजणीची. पौलाच्या पत्रांमध्ये एने लिहिलेल्या पानांपुरते, जिथे व्याकरणावरून रूप निश्चित आहे अशाच जागी, ‘ओमेन’ आणि ‘ओमेथा’ यांच्या शेवटाची वर सांगितल्याप्रमाणे नोंद आपल्या विभागात कोणी केली असल्यास ती पाहायला मिळावी. केली नसल्यास, २००९ पासून संकेतस्थळावर खुल्या असलेल्या अक्षरशः उताऱ्यावरून ती मी स्वतः करीन. त्यासाठी एवढेच कळावे की त्या उताऱ्यात पहिल्या हाताचे लेखन कुठेही सुधारून घेतलेले नाही.

दुसरी विनंती दुरुस्तीविषयी, आणि ती फक्त आपणच पुरी करू शकता. ही दुरुस्ती नेस्ले-आलांड आवृत्तीत दुरुस्त्यांच्या सर्वात जुन्या गटात धरली आहे, म्हणजे चौथ्या ते सहाव्या शतकातली. पण हा पट्टा रुंद आहे. ती दुरुस्ती पोथी जिथे लिहिली तिथेच, मूळ प्रतीशी ताडून पाहताना झाली असेल, तर ती मूळ प्रतीचीच साक्ष ठरते आणि एचा ओमेगा ही केवळ घसरण ठरते. पिढ्या-दोन पिढ्यांनी दुसऱ्या कुठल्या प्रतीवरून झाली असेल, तर ती वेगळ्या परंपरेची साक्ष आहे आणि एच्या प्रतीविषयी काहीच सांगत नाही. माझ्या दृष्टीने सगळ्या पत्रव्यवहाराचा गाभा हाच आहे. ओमेगा खरवडून काढला आहे, की त्यावर ओमिक्रॉन लिहिला आहे? शाईचा रंग त्याच पानावरच्या लेखनिकाच्या स्वतःच्या दुरुस्त्यांशी जुळतो का? चर्मपत्राचा पृष्ठभाग त्या जागी उचकटलेला आहे का? संकेतस्थळावर तिरप्या प्रकाशात घेतलेली छायाचित्रे आहेत, आणि ती मी पाहते आहे. पण छायाचित्रावरून शाईविषयी बोलण्याचे धाडस मी करणार नाही. पान हाताळणाऱ्याचे मत मला हवे आहे.

तिसरी विनंती या एका जागेपुरती नाही. हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूच्यांमध्ये पानांची संख्या, आकार, ओळी, शाई आणि काळ यांची नोंद काटेकोर असते. लेखनिकाच्या शुद्धलेखनाला मात्र ‘अशुद्ध’ किंवा ‘बरे’ एवढ्या एका शब्दावर निभावून नेले जाते. आमच्याकडच्या मराठी पोथ्यांच्या सूच्यांतही हीच गत आहे. पोथीतले लेखन जसेच्या तसे महत्त्वाचे मानणाऱ्यांमध्ये वि. का. राजवाडे आघाडीवर होते. १९०९ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची आपली आवृत्ती काढली, ती त्यांना सापडलेल्या जुन्या पोथीवरून, आणि तिच्यातल्या रूपांच्या आधाराने ज्ञानेश्वरीतल्या मराठीचे व्याकरण रचले. त्या पोथीच्या काळाविषयी अभ्यासकांनी पुष्कळ वाद घातले आहेत, पण ते वाद घालता आले ते राजवाड्यांनी लेखन गुळगुळीत करून छापले नाही म्हणून. ‘अशुद्ध’ हा शेरा भाषांतरकाराच्या काही कामाचा नाही. कोणत्या अक्षरात अशुद्ध, कोणत्या दिशेने, किती संधींपैकी किती वेळा, एवढे चार रकाने सूचीत वाढले, तर प्रत्येक भाषांतरकाराला दर शब्दासाठी ग्रंथपालाचे दार ठोठावावे लागणार नाही. ही नोंद ग्रंथालयानेच ठेवावी असा माझा आग्रह आहे. संपादक एका ग्रंथापुरता येतो आणि जातो. हात ओळखणारी माणसे वर्षानुवर्षे आपल्याकडेच असतात.

माझे भाषांतर छापखान्यात जाण्याआधी दुसऱ्या विनंतीचे उत्तर मिळाले तर तळटीप त्याप्रमाणे लिहीन आणि मजकुराखाली आपल्या विभागाचा ऋणनिर्देश करीन. उत्तर उशिरा आले आणि माझ्या निवडीविरुद्ध गेले, तर ते पुढच्या आवृत्तीत तितक्याच स्पष्टपणे छापीन.



आपली नम्र,
एक भाषांतरकार